लेकीच्या लग्नानंतरचा आभार संदेश: क्षमा मागावी का आणि फुले कोणती लावावीत?

वधूचा भाऊ, परभणी
बहिणीचे लग्न नुकतेच पार पडले. वडिलांच्या नावाने सर्व पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर आभाराचा संदेश पाठवायचा आहे. मानपानाबद्दल क्षमा मागणारी ओळ वडिलांना हवीच आहे, तर मुलीकडच्यांनीच क्षमा का मागायची, असे बहीण विचारते. चिन्हे किती आणि कोणती असावीत, यावरही घरात एकमत नाही. मसुदा असा आहे:

‘🙏🙏💐💐 अत्यंत जड अंतःकरणाने आम्ही आमच्या लाडक्या लेकीला निरोप दिला. याप्रसंगी उपस्थित राहिलेल्या सर्वांचे आभार. मानपानात काही उणीव राहिली असल्यास क्षमस्व 🙏🙏🙏’

निवृत्त मुख्याध्यापिका, अंबाजोगाई
दादा, क्षमेचे नंतर पाहू; आधी पहिली ओळ बदला. मोबाईल बंद असताना पडद्यावर संदेशाची सुरुवातच तेवढी दिसते. ‘🙏🙏💐💐 अत्यंत जड अंतःकरणाने’ एवढेच वाचल्यावर परभणीपासून उदगीरपर्यंत कोणाच्याही छातीत धस्स होईल, कारण आपल्या गावोगावच्या गटांमध्ये हात जोडलेले चिन्ह आणि त्यापाठोपाठ पुष्पगुच्छ ही जोडी भावपूर्ण श्रद्धांजलीसोबतच येते. त्यात पुढे ‘लेकीला निरोप दिला’ असे शब्द आहेत. ज्यांना लग्नाला येता आले नाही, त्या सोयऱ्यांनी हे वाचून घाबरून फोन केला, तर त्यांचा दोष नाही. पुष्पगुच्छ एरवी अभिनंदनालाही चालतो, पण येथे शब्द आणि चिन्ह दोन्ही एकाच दिशेने ओढतात. पणतीचे चिन्हही याच कारणासाठी टाळावे.

सुरुवात विवाहाच्या वार्तेने करावी, चिन्ह वाक्याच्या शेवटी ठेवावे आणि हात जोडलेले चिन्ह संपूर्ण संदेशात एकदाच, वडीलधाऱ्यांना उद्देशून असलेल्या ओळीला लावावे. फुलांमध्ये 🌸 किंवा 🌼 शोभून दिसतात. झेंडूच्या माळांची आठवण करून देणारे म्हणून मला दुसरे अधिक आवडते.

अभियंता, छत्रपती संभाजीनगर
बाई, ते चिन्ह मुळात नमस्काराचे नाहीच. दोघे जण एकमेकांच्या हातावर टाळी देतात, त्याचे ते चित्र आहे, असे मी वाचले आहे. मग एक लावा की पाच, काय बिघडते?

निवृत्त मुख्याध्यापिका, अंबाजोगाई
टाळीचा समज बराच पसरलेला आहे खरा, परंतु 2010 मध्ये युनिकोडने ते चिन्ह स्वीकारले, ते हात जोडलेली व्यक्ती म्हणूनच. आणि ते बाजूला ठेवले, तरी संदेश वाचणारी आपली आत्या त्यात नमस्कारच पाहणार आहे. पाच नमस्कारांची रांग लावली, की आदर वाढत नाही, आर्जव वाढते. निवडणुकीच्या दिवसांत येणारे संदेश आठवून पाहा.

वकील, लातूर
क्षमेच्या ओळीबाबत मी बहिणीच्या बाजूची आहे. ‘मानपानात उणीव’ हे शब्द दिसायला नम्र असले, तरी त्यामागे वरपक्षाचे रुसवेफुगवे, टॉवेल-टोपी कोणाला मिळाली आणि कोणाला राहिली, फेटा आधी कोणाला बांधला, हा सारा जुना हिशेब उभा असतो. मंगल कार्यालय ठरवण्यापासून शेवटच्या पंगतीपर्यंत ज्यांनी धावपळ केली, त्यांनीच पुन्हा सर्वांसमोर अपराधी म्हणून उभे राहायचे आणि वरपक्षाकडून आभाराची एक ओळही येऊ नये, हा शिष्टाचार मला एकतर्फी वाटतो.

शेतकरी, गंगाखेड
ताई, तुमचा मुद्दा समजतो, पण यजमान म्हणून दोन्ही हात जोडले, तर कोणी लहान होत नाही. आमच्याकडे मुलाचे लग्न झाले, तेव्हाही मी हीच ओळ घातली होती. अर्थात माझी खरी अडचण वेगळीच होती: ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेत छापूनही लोकांनी पाकिटे दिली, ती परत कशी करायची? आपल्या संदेशात आहेराचा उल्लेख करणार आहात का?

वधूचा भाऊ, परभणी
काका, आहेराचा प्रश्न आमच्याकडे आला नाही. त्रास झाला तो उन्हाचा. भर मे महिन्यात लग्न, वरात रेंगाळली, सकाळचा मुहूर्त टळला आणि अक्षता पडायला दोन वाजले. म्हातारी माणसे उपाशी बसून राहिली. वडिलांच्या मनात सल आहे तो त्याचाच.

निवृत्त मुख्याध्यापिका, अंबाजोगाई
मग मानपान हा शब्द मधे आणूच नका, कारण झालेला त्रास त्यात कुठेच येत नाही. मात्र ‘मुहूर्त लांबल्याबद्दल दिलगीर आहोत’ असेही लिहू नका. वरात कोणाची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वाक्याने बोट व्याह्यांकडे वळेल आणि लेक पाचपरतावणाला माहेरी येण्याआधीच तिला सासरी दोन शब्द ऐकावे लागतील. पाहुण्यांनी जे सोसले, त्याचा उल्लेख आभार म्हणूनच करावा. मी असे लिहीन:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या लेकीचा विवाह आपणा सर्वांच्या आशीर्वादाने आनंदात पार पडला 🌼 एवढ्या उन्हात दूरदूरच्या गावांहून येऊन, अक्षता पडेपर्यंत आपण सारे थांबलात आणि वधूवरांना आशीर्वाद दिलेत, याचे मोल आम्हाला मोठे आहे. पंगतीत वाढण्यापासून पाहुण्यांच्या मुक्कामापर्यंत ज्यांनी घरचे कार्य समजून हात लावला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. वडीलधाऱ्यांना आमचा नमस्कार 🙏 लोभ आहेच, तो वाढावा 🌸’

खाली वडिलांसोबत आईचेही नाव घाला. वधूच्या नावाचा उल्लेख करणार असाल, तर लग्नाआधीचे ‘सौ. कां.’ तसेच ठेवू नका.

अभियंता, छत्रपती संभाजीनगर
हा मसुदा चांगला आहे. गटात टाकण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 जण बसतात आणि प्रत्येकाला तो स्वतंत्र आल्यासारखा दिसतो.

मोबाईल दुकानदार, सेलू
साहेब, स्वतंत्र दिसतो हे खरे, पण तो पोहोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये जतन केलेला आहे. नवीन सोयरिकीत नेमकी येथेच गफलत होते. वरपक्षाच्या मामा-मावशांकडे वधूपित्याचा क्रमांक असण्याचे कारण नसते, त्यामुळे भावकीला संदेश मिळतो आणि नव्या पाहुण्यांनाच मिळत नाही. पाठवल्यावर संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडा आणि ‘पोहोचला’ या यादीत कोणाची नावे नाहीत, ते पाहा. त्यांना तोच मजकूर एकेकाला पाठवावा लागेल.

आणखी एक. बहीण कदाचित 🫶 किंवा 🪷 घालायला सांगेल. ही दोन्ही चिन्हे 2021 च्या संचातली आहेत. वडीलधाऱ्यांच्या जुन्या मोबाईलवर त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते.

शेतकरी, गंगाखेड
व्याह्यांना संदेश पाठवूच नये, असे माझे मत आहे. त्यांना वडिलांनी स्वतः फोन करावा, आणि विहीणबाईंशी आईने बोलावे.

वकील, लातूर
याबाबत आपले एकमत आहे, काका. बाईंच्या मसुद्यावरही माझा आक्षेप नाही. आभारात सोसलेल्याची नोंद आली आणि कोणी वाकलेही नाही.

वधूचा भाऊ, परभणी
मसुदा वडिलांना वाचून दाखवला. पहिली ओळ बदलायला ते लगेच तयार झाले, आईचे नावही घातले, आणि व्याह्यांना त्यांनी काल रात्रीच फोन केला. मात्र ‘काही चुकले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे’ एवढे एक वाक्य शेवटी हवेच, असे ते म्हणतात. बहिणीला विचारले, तर ती म्हणाली, तसेच वाक्य सासरच्या संदेशातही असेल, तर माझी हरकत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, अंबाजोगाई
तिचे म्हणणे जावईबापूंच्या कानावर तिनेच घालावे, तुम्ही नको. तोवर संदेश अडवून ठेवू नका; सोळाव्या दिवशी आलेले आभार कोणी वाचत नाही.

वकील, लातूर
वाचत नसतील, तर ते वाक्य गाळल्यानेही कोणाचे काही बिघडणार नाही.