हॉलंडेज फाटतो तेव्हा

"बलक आणि बटरचा हॉलंडेज सॉस दोनदा केला, दोन्हीदा कडेला तूप सुटलं. गॅस बारीकच होता. काय चुकतंय?"

तूप सुटलंय ना, गुठळ्या नाहीत ना, मग वाचतो तो, टाकू नका. दुसऱ्या भांड्यात चमचाभर कोमट पाणी घ्या आणि फाटलेला सॉस त्यात थेंबथेंब टाकत फेटत राहा, परत जुळतो. अंड्याच्या भुर्जीसारखे दाणे झाले असतील तर मात्र बलक शिजला, त्याला उपाय नाही.

मी २ बलक, चमचाभर पाणी, थोडा लिंबूरस आधी नुसतंच फेटते, वाडगा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून, पण बूड पाण्याला लागू द्यायचं नाही, फेस दाट होऊन व्हिस्कची रेघ उमटली की लगेच खाली उतरवायचं. मग १०० ग्रॅम वितळलेलं बटर, कोमटच, पहिले दोन-तीन चमचे अगदी थेंबाने. तुमची बहुतेक इथंच घाई होतेय. फारच घट्ट वाटला तर चमचाभर गरम पाणी.

कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका हं, गरम पाण्याने धुतलेल्या थर्मासमध्ये ओता आणि तासाभरात संपवा. उरला तर फेकायचा, फ्रीजमध्ये ठेवून परत गरम केला की फाटतोच. लहान मुलं, गरोदर बाई असेल तर पाश्चराइज्ड अंडीच घ्या.