मदत हवी आहे: पुतणीच्या मायग्रेनसाठी बायोफीडबॅक

पुतणी लातूरला नीटची तयारी करते. ताण वाढला की डोकं उठतं. न्यूरॉलॉजिस्टनी बायोफीडबॅक आणि सीबीटी, म्हणजे विचार-वागण्याच्या सवयी बदलणारी मानसोपचाराची पद्धत, सुचवलंय. बायोफीडबॅकमध्ये बोटाला तापमानाचा सेन्सर लावतात. स्क्रीनवरचा आकडा बघत, संथ श्वास घेत हात गरम करायला शिकायचं. सीबीटीत ‘डोकं दुखलं, आता पेपर गेलाच’ असले विचार लिहून तपासायचे. साधारण ८ ते १२ सत्रं, शिवाय घरी रोज सराव. मुलांना आणि ताणामुळे दुखणाऱ्यांना चांगला गुण येतो, म्हणून आशा आहे. पण ती आठवड्यातून तीन-चारदा पेनकिलर घेते, याचीच मला जास्त काळजी. गोळ्यांच्या अतिवापरानेच दुखत असेल तर आधी त्या कमी कराव्या लागतील ना? लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला हे कोण करतं? कुणाच्या मुलांनी केलंय का? परीक्षेच्या धामधुमीत सराव टिकला का?