खलाशाची कविता, ध्रुव आणि “मी वाट बघतो”

टिळकवाडीचे मास्तर:
खानापूर तालुक्यातल्या एका खलाशाने बायकोला लिहिलेली ही कविता सकाळपासून फिरते आहे.

*केपच्या पाण्यात आहोत. चार ते आठची वॉच,*
*ब्रिजच्या टोकाला मी एकटा.*
*ध्रुव बघतो. तोच तुझ्या अंगणावर,*
*तुळशीपाशी दिवा लावून तूही बघत असशील.*
*“मी वाट बघतो,” म्हणालीस, आणि लाइन तुटली.*
*तेवढे तीन शब्द खिशात घालून*
*दोन बंदरं फिरलो.*
*इथं मीठ भांड्यात नाही, कठड्यावर आहे, ओठांवर आहे.*
*घरी आल्यावर तू विचारशील, आमटीत मीठ कमी पडलंय का,*
*मी नाही म्हणेन.*

माझे दोन आक्षेप आहेत. जहाजावर व्हॉट्सअॅप आलं असताना हा विरह उसना वाटतो. आणि बायको “वाट बघतो” कशी म्हणेल? “बघते” हवं. स्वतःच्या बायकोचं लिंग चुकवणाऱ्याने कविता लिहू नये.

खानापूरचा धाकटा:
सर, ही कविता माझ्या थोरल्या भावाची आहे. तुमचं शेवटचं वाक्य वहिनीनं वाचलं, म्हणून लिहायला बसलोय.

भाऊ एबी आहे, म्हणजे डेकवरचा खलाशी. मुंबईहून निघाला तेव्हा ज्वारीची मळणी चालली होती. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, तेव्हापासून त्यांचं जहाज सुवेझनं जात नाही, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला पूर्ण वळसा घालून युरोपात जातं. एका फेरीला दहा-बारा दिवस जास्त. त्या दिवसांत बंदर नाही, माणूस नाही. व्हॉट्सअॅप आहे, खरं महिन्याला मोजून डेटा मिळतो, आणि तो संपला की स्वतःच्या पगारातून घ्यायचा. वहिनी पोराचा व्हिडिओ पाठवती, तो उघडायला त्याला दोन दिवस लागतात. लाइन मध्येच तुटली हे त्यानं सजवून लिहिलेलं नाही. त्या दिवशी मी वहिनीच्या शेजारी बसलो होतो. ती “मी वाट बघतो” एवढंच म्हणाली आणि आवाज गेला. पुढचे पाच दिवस काही नाही. त्या पाच दिवसांत ती फोन हातात घेऊन झोपायची.

आणि ती “बघतो”च म्हणाली. आमच्या घरात आई, आजी, बहीण सगळ्या “मी येतो, मी जातो” म्हणतात. त्यानं “बघते” लिहिलं असतं तर ती दुसऱ्याच कुणाची बायको झाली असती.

निपाणीची सून:
मी पण सांगतो. माझे मिस्टर इंजिनरूममध्ये ऑइलर. २०२० साली सात महिन्यांचा करार करून गेले आणि तेरा महिन्यांनी आले. बंदरं बंद, विमानं बंद, बदली माणूस चढत नाही म्हणून हा उतरत नाही. जगभरात चार लाख खलाशी असेच अडकले होते. दर महिन्याला सांगायचे, “पुढच्या बंदरात साइन ऑफ आहे.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख गोल करायचो आणि परत खोडायचो. शेवटी गोल करणंच सोडलं.

मला कवितेतलं “बघतो” पटलं. तुळस आणि दिवा पटला नाही. त्या तेरा महिन्यांत मी तंबाखूचं रान बघितलं, सासऱ्यांचं ऑपरेशन केलं, त्यांच्या पगारातून घरी येणारे अलॉटमेंटचे पैसे एक महिना आले नाहीत तर बँकेत जाऊन भांडलो. संध्याकाळी दिव्यापाशी उभं राहायला वेळ कुठला? बाप्यांच्या कवितेत आम्ही कायम उंबऱ्यावर. खरी वाट बघणं रात्री अकरानंतर, भांडी घासून झाल्यावर.

हलशीकर:
ताई, तुमचं दुःख मान्य. पण कवीला तुळस शोभते. ध्रुवाची ओळ तर मला सगळ्यात आवडली. ध्रुव जागचा हलत नाही, म्हणून तो जगात कुठूनही दिसतो. तसंच त्यांचं प्रेम. आता जीपीएस असल्यामुळे जहाजावर तारे कुणी बघत नाही, तरी हा बघतो, ते महत्त्वाचं.

जांबोटीचा बोसन:
हलत नाही हे बरोबर. कुठूनही दिसतो हे साफ चूक. कवितेतली मला खुपलेली ओळ हीच.

तेहतीस वर्षं जहाजावर काढली. ध्रुव क्षितिजापासून किती वर, तेवढे अंश तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला. आपल्या भागात तो सोळा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेच्या क्षितिजावर दीड मूठ मोजा, तिथं ध्रुव. साठ सागरी मैल दक्षिणेला गेलं की तो एक अंश खाली उतरतो. तेरा नॉटनं, म्हणजे तासाला तेरा सागरी मैलांनी, सरळ दक्षिणेला चाललेलं जहाज दिवसाला तीनशे मैल तोडतं, म्हणजे रोज पाच अंश. बेळगावच्या रेषेवरून निघालं की तिसऱ्या रात्री तो क्षितिजाच्या धुरकटात शिरतो आणि मग जातो. विषुववृत्त ओलांडून केपला जायचं आणि अटलांटिकातून परत विषुववृत्तापर्यंत वर यायचं, यात हवामान बरं असलं तरी अठरा-वीस दिवस जातात. तेवढ्या रात्री ध्रुव कुणालाच दिसत नाही. केपच्या पाण्यात “ध्रुव बघतो” म्हणणारा खलाशी आकाशाकडे बघतच नव्हता, नाहीतर घरी लिहिताना खोटं बोलला.

तारे कुणी बघत नाही हेही खरं नाही. चार ते आठची वॉच चीफ ऑफिसरची. संधिप्रकाशात क्षितिज दिसत असतं आणि ठळक तारे उगवलेले असतात, तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत सेक्स्टंटनं उंची घेणारे आजही आहेत. जीपीएस बंद पडला तर काय, हा प्रश्न त्यांना परीक्षेतही असतो आणि दर्यातही. या पोराची वॉच तीच आहे. त्याला विचारता आलं असतं.

लाइन तुटण्याबद्दल मात्र मास्तर चुकले. अँटेना आणि सॅटेलाइटच्या मधे जहाजाची चिमणी किंवा डोलकाठी आली की सिग्नल जातो. कोर्स बदलेपर्यंत तो येत नाही. “खिशात घालून दोन बंदरं फिरलो” ही ओळ माझ्या घरातली वाटली.

शहापूरवाला:
तुम्ही सगळे ताऱ्यांत अडकलात. मूळ दुखणं वेगळं आहे. इथं पाटीवर मराठी बारीक अक्षरात, कागदपत्रं कन्नडात, २०१४ पासून बेळगावचं नावही बदललं. आता आपल्याच बायका कन्नडाच्या नादानं “बघतो” म्हणायला लागल्या. कन्नडात “नानु बरुत्तेने” बाईही म्हणते आणि बाप्याही, “मी”च्या क्रियापदात लिंगच नाही. तिथून हे शिरलं. मास्तर बरोबर बोलले. हीच मराठी आपण राखली नाही तर काय राखणार?

निपाणीची सून:
माझी आजी कोल्हापूरजवळची, तिला कन्नडाचा एक शब्द येत नव्हता. तीही “मी जेवतो” म्हणायची. पाट्यांचा राग माझ्या जिभेवर काढू नका. मोर्चाला मीही आलो होतो, तेव्हा घोषणा देताना माझं व्याकरण कुणी तपासलं नाही.

टिळकवाडीचे मास्तर:
आवाज चढवून व्याकरण बदलत नाही. छत्तीस वर्षं मी सीमाभागातल्या मुलांना शिकवलं. आमच्या मुली पुण्यात कॉलेजला जायच्या, “मी येतो” म्हणायच्या आणि वर्ग हसायचा. एक मुलगी सुट्टीत आली ती परत गेलीच नाही. ते हसू त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी प्रत्येक वहीत लाल शाईनं “ते” केलं. तुम्हाला तो हेका वाटतो, मला ती मुलगी आठवते.

खानापूरचा धाकटा:
सर, मग हसणारा वर्ग चुकला. त्या मुलीची वही का लाल केलीत?

हलशीकर:
कन्नडाचा परिणाम अजिबात नाही असं तरी कसं म्हणता? कोल्हापूरपर्यंत कन्नड जुन्या काळी होतीच की. आजीला येत नव्हती म्हणून आजीच्या आजीला येत नव्हती असं नाही.

निपाणीची सून:
असेल. आजीच्या आजीकडून आलं असेल तर मग ते माझंच झालं.

टिळकवाडीचे मास्तर:
हा वाद इथं मिटणार नाही. बायकोचं बोलणं अवतरणात आहे, तेव्हा तिथं “बघतो” चालवून घेतो. अवतरणाबाहेर आलं तर लाल शाई आहेच. विरह उसना हा शब्द मात्र मागे घेतो. पाच दिवस आवाज नाही हे मला माहीत नव्हतं. आता त्या ध्रुवाचं काय? बोसन म्हणतात ते खरं असेल तर ती ओळ व्याकरणापेक्षा मोठी चूक आहे.

खानापूरचा धाकटा:
काल रात्री भावाला बोसनकाकांचं सगळं पाठवलं. सकाळी उत्तर आलं, तसंच देतो: “काका बरोबर. ध्रुव बघून बारा रात्री झाल्या. ती ओळ मी मुंबई सोडली तेव्हाची, नंतर बदलायला मन झालं नाही. तो गेला असं लिहिलं तर ती घाबरेल वाटलं.”

हे वाचून वहिनी माझ्यावरच चिडली. म्हणाली, “मी घाबरतो असं त्याला कुणी सांगितलं?”

जांबोटीचा बोसन:
मग माझा खोटेपणाचा आरोप परत घेतो. त्यानं चूक केली, खरं कारण समजलं.

त्याला सांग, ध्रुव सोड आणि त्रिशंकू घे. केपजवळ तो आकाशात बराच वर असतो आणि जवळजवळ बुडतच नाही. मे महिन्यात तो आपल्याकडूनही दिसतो, रात्री साडेनऊच्या सुमाराला बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण दीड मूठ वर. चार तारे, पतंगासारखे. जहाजाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. आपले रात्रीचे दहा म्हणजे तिथं साडेसहा, सूर्य नुकताच बुडालेला, चीफ ऑफिसर सेक्स्टंट घेऊन बाहेर आलेला आणि तुझा भाऊ वॉचवर. दोघांनी एकाच घटकेला बघायचं असेल तर ही एकच वेळ जमते. अंगणातून दिसणार नाही, झाडं आडवी येतात. दक्षिण मोकळी असलेल्या माळावर जावं लागेल.

आणि उशीर करू नका. जहाज अटलांटिकात वायव्येला चढायला लागलं की तिथला संधिप्रकाश आपल्या मध्यरात्रीकडे सरकतो, आणि तोवर आपल्याकडे त्रिशंकू क्षितिजाला टेकलेला असतो. चार-पाच दिवस आहेत हातात.

निपाणीची सून:
दहाची वेळ चांगली. भांडी झालेली असतात.

खानापूरचा धाकटा:
वहिनीला घेऊन काल देवळामागच्या माळावर गेलो होतो. पोरगं पण आलं. वळवाचे ढग होते, दक्षिणेला नुसत्या विजा. साडेदहापर्यंत थांबलो. भावाचा निरोप आला, त्याला स्वच्छ दिसला. आज पाऊस पडून गेलाय, परत जातोय.