जुन्या पावत्या मांडल्या, तर सोन्यानं वर्षाला किती दिलं?

मृण्मयी_ठाणे
आईनं या नोव्हेंबरात (२०२५) तीन दागिने मोडले. तिन्हींच्या पक्क्या पावत्या आहेत, तिन्ही नोव्हेंबरातल्याच.
२००६: पाटल्या, २० ग्रॅम, भाव ८५० रुपये ग्रॅम, मजुरी आणि कर धरून १८,८८७.
२०१२: हार, १५ ग्रॅम, भाव २,९००, एकूण ४९,२०७.
२०१८: ठुशी, १० ग्रॅम, भाव २,९५०, एकूण ३५,८५४.
मोडताना २२ कॅरेटचा भाव ११,४०० होता. हातात आले ४,८०,४८७. दादा म्हणतो वर्षाला पावणेसोळा टक्के पडले. बाबा म्हणतात सराफानं खाल्लं. कोणाचं धरू?

कोथरूडकर७२
दादा बरोबर आहे. ८५० चे ११,४०० म्हणजे एकोणीस वर्षांत तेरा पटींहून जास्त, वर्षाला १४.६ टक्के. २०१२ च्या भावावर ११.१, २०१८ च्या भावावर २१.३. तिन्हींची सरासरी काढा. मजुरी मधे आणू नका, ती दागिना घालून मिरवण्याची किंमत आहे. शिंप्याला दिलेली शिलाई आपण कधी परत मागतो का?

जमाखर्च_देशपांडे
शिलाई परत मागत नाही, पण कापड विकून फायदा झाला असं सांगायला निघालो तर ती खर्चात धरावीच लागते. आणि अशी सरासरी चालत नाही. २१ टक्क्यांचा वेग फक्त ठुशीच्या पैशांना आणि फक्त सात वर्षं मिळाला. तिघांत सर्वांत मोठी रक्कम हारात होती आणि त्याचाच वेग सर्वांत कमी. सरासरी काढताना तुम्ही दोघांना एकाच पंगतीत बसवलंत.

शीटमध्ये पहिल्या रकान्यात तारखा लिहा, दुसऱ्यात रकमा. गेलेले पैसे उणे, आलेले अधिक. तारखा धरून वर्षाचा दर काढायला XIRR हे सूत्र आहे. मग

```
=XIRR(B2:B5,A2:A5)
```

मजुरी-कर सोडून नुसत्या भावानं मांडलं आणि विक्रीही पूर्ण वजनाची, पूर्ण भावानं (५,१३,०००) धरली, तर सुमारे १३.९ टक्के येतात. खिशातून प्रत्यक्ष गेलेले आणि हातात प्रत्यक्ष आलेले पैसे मांडले, तर सुमारे १२.४. मृण्मयी, दुसरा आकडा तुमचा. बाबांचं म्हणणं तपासायला मोडीची चिठ्ठी दागिनावार लागेल.

मृण्मयी_ठाणे
चिठ्ठी आहे.
पाटल्या: आटवल्यावर १९.३ ग्रॅम, शुद्धता ८७ टक्के, मिळाले २,०४,५३८.
हार: १४.९ ग्रॅम, ९१६, मिळाले १,६६,४६३.
ठुशी: ९.८ ग्रॅम, ९१६, मिळाले १,०९,४८६.
तिन्हींवर २ टक्के कट. पाटल्यांच्या पावतीवर मात्र '२२ कॅरेट' लिहिलंय.

पेढीवरचा_माणूस
चिठ्ठीत सगळं आहे, फक्त कट या शब्दावर अडकू नका. पाटल्यांचे पूर्ण भावानं २,२८,००० झाले असते. तुमचे साधारण साडेतेवीस हजार कमी आले, त्यात २ टक्के कटाचे जेमतेम सव्वाचार हजार. आठेक हजार वजनाच्या घटीत गेले. आणि अकरा हजारांच्या वर गेले ते २२ कॅरेट म्हणून घेतलेलं सोनं तेवढ्या कसाचं निघालं नाही म्हणून. २२ कॅरेटला ९१.६ टक्के हवेत, तुमचे ८७ भरले. तेव्हा हॉलमार्कची सक्ती नव्हती, ती जून २०२१ मध्ये आली. त्याआधीच्या बिनशिक्क्याच्या दागिन्यावर पावतीतला '२२' म्हणजे दुकानदाराचा शब्द. शिवाय जिथे डाख दिलेला असतो तिथला कस कमी असतो, आणि आटवलं की तो सगळ्यात मिसळतो. आटवण्याआधी कॅरेट मोजायच्या मशीनवर पाटली ठेवली तर ते वरचा थर वाचतं, म्हणून मशीनचा आकडा आणि आटणीनंतरचा आकडा यांत फरक पडला की लोक भांडतात.

ठुशीतली घट लाखेची असेल. मण्यांत लाख आणि दोरा असतो. पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का बघा. नसेल, तर २०१८ साली लाखही सोन्याच्या भावानं घेतली.

तेव्हा बाबांना सांगा, खाल्लं असेल तर २००६ च्या दुकानानं. आत्ताच्या सराफानं नाही.

सुनंदा_मिरज
आमचं वेगळंच. मी यंदा २० ग्रॅमच्या बांगड्या बदलून तेवढ्याच वजनाच्या नव्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, बदलीत कट नाही, ग्रॅमला ग्रॅम. भाव ११,४०० च होता. फार बरं वाटलं. मजुरी १६ टक्के म्हणजे ३६,४८०, आणि सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. साडेचार हजारांचा कट वाचवला आणि वर साधारण चव्वेचाळीस हजार मोजले. मृण्मयी, मोडून रोख घेतलेत तेच बरं केलंत.

कोथरूडकर७२
ताई, तुम्हाला नव्या बांगड्या हव्याच होत्या ना? मग ती खरेदी झाली, तिला तोटा कसं म्हणता?

सुनंदा_मिरज
हव्या होत्या, पण फुकट बदलतोय असं वाटून घेतल्या. रोख मोडल्या असत्या तर १० टक्के मजुरीवाल्या साध्या घेतल्या असत्या.

चिकित्सक_नाशिक
साडेबारा काय आणि पावणेसोळा काय, दोन्ही आकडे २०२५ च्या भावावर उभे आहेत. हाच हार २०१८ मध्ये मोडला असता तर? १४.९ ग्रॅम, २,९५० भाव, २ टक्के कट, म्हणजे साधारण ४३,०००. दिले होते ४९,२०७. सहा वर्षं थांबून बाराएक टक्के घाटा. २०१२ ते २०१८ सोनं जवळपास जागेवर होतं आणि मजुरी-कर पहिल्याच दिवशी गेले होते. तेव्हा एफडीत ठेवणारा शहाणा ठरला असता. आता वर गेल्यावर सगळे शहाणे.

जमाखर्च_देशपांडे
यातला अर्धा मुद्दा मान्य, शेवटची तारीख हलवली की आकडा हलतो. पण मजुरीची तारीख हलत नाही, म्हणून ती किती टोचते हे दागिना किती वर्षं ठेवला यावर ठरतं. पाटल्यांवर भावाचे १४.६, हातातले १३.४. एवढा मोठा कसाचा फटका बसूनही एकोणीस वर्षांत विरला. ठुशीवर भावाचे २१.३ आणि हातातले १७.३, चार टक्के गेले, कारण १८ टक्के मजुरीला विरायला सातच वर्षं मिळाली. दोन-तीन वर्षांत मोडायची शक्यता असेल तर जड नक्षीचा दागिना घेऊच नये, वेढणी घ्यावी.

चिकित्सक_नाशिक
वेढणी घ्यायची तर ईटीएफ का नको?

जमाखर्च_देशपांडे
घ्या की. पण प्रश्न मोडलेल्या दागिन्यांचा आहे.

अमोल_सीए_नाही
कर कोणी धरलाच नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या सोन्यावर जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही. नफा ३,७६,५३९. आई निवासी असतील आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतल्या चार लाखांच्या मूळ सवलतीत तो बसतो. पेन्शन किंवा व्याज असेल तर हिशेब बदलेल. मजुरी खरेदीच्या किमतीत धरता येते, म्हणून पावत्या टाकू नका.

मृण्मयी_ठाणे
आईला पेन्शन आहे, म्हणजे कर लागू शकतो. आणि आजीचा चपलाहार अजून घरात आहे. पावती नाहीच, आजीच्या लग्नातला.

अमोल_सीए_नाही
१ एप्रिल २००१ पूर्वीचा असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदी म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून दाखला घ्या, आणि तो मोडायच्या आधी. आटवल्यावर त्याला बघायला काही उरत नाही.

कोथरूडकर७२
चपलाहार मोडू नका हो. त्याला कसला एक्सआयआरआर लावता!

पेढीवरचा_माणूस
मोडा किंवा ठेवा, पण आधी मधल्या लाखेचं वजन विचारून घ्या.