‘लक्ष्मी आपल्या घरी सदैव नांदो’ : इंग्रजीत कसं म्हणावं?

खाडीपलीकडचा
आमच्या सोसायटीचं दिवाळीचं शुभेच्छापत्र छापायला जायचंय. मराठी मजकूर ठरलाय: ‘लक्ष्मी आपल्या घरी सदैव नांदो आणि ही दिवाळी आपणांस व आपल्या कुटुंबीयांस सुखसमृद्धीची, भरभराटीची जावो.’ सोसायटीत तमिळ, बंगाली, गुजराती घरं आहेत, म्हणून खाली इंग्रजी ओळ हवी. समितीतल्या एकांनी दिलेली ओळ अशी: ‘मे लक्ष्मी ऑल्वेज स्टे इन अवर होम अँड मे धिस दिवाळी गो हॅपी अँड प्रॉस्परस टु यू.’ काहीतरी चुकतंय एवढं कळतं. नेमकं काय, ते सांगता येत नाही.

पेढीवाला
‘हॅपी दिवाळी अँड प्रॉस्परस न्यू इयर’ लिहा आणि मोकळे व्हा. आमच्या पेढीवर वर्षानुवर्षं तेच छापतात.

माजी मुद्रितशोधक
पेढीवर ते शोभतं. पाडव्याला वहीपूजन होतं, व्यापारी वर्ष तिथून धरलं जातं आणि गुजराती घरांत तर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला खरंच नवं वर्ष लागतं. पण मराठी घराचं वर्ष चैत्रात गुढीबरोबर सुरू होतं. वर मराठीत नव्या वर्षाचं नाव नाही आणि खाली इंग्रजीत आहे, असं कशाला?

आता मूळ प्रश्न. ‘अवर’ कुठून आलं ते पाहा. ‘आपल्या’ या शब्दात दोघं राहतात. एक ‘आपण सगळे’, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा मिळून. दुसरा आदरार्थी ‘आपण’, म्हणजे फक्त समोरचा. ‘आपण उद्या भेटू’ आणि ‘आपण बसावं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. इंग्रजीत दोघांना एक शब्द नाही, त्यामुळे निवड करावीच लागते. समितीने चुकीची निवडली, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटणार की मंडळी स्वतःच्याच घरी लक्ष्मी मागताहेत.

खाडीपलीकडचा
त्या सद्गृहस्थांचं म्हणणं, पत्र सोसायटीचं आणि सोसायटी आपलीच, मग ‘अवर’ का नको?

माजी मुद्रितशोधक
‘आपल्या सोसायटीत’ असतं तर मान्य केलं असतं. इथे ‘घरी’ आहे, आणि घर ज्याचं त्याचं. शिवाय पुढे ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस’ आहे. देणारा स्वतःच्या कुटुंबाला शुभेच्छा छापून पाठवत नाही. ‘युअर होम’च हवं.

नर्मदाकाठ
माझा आक्षेप मराठीलाच आहे. सणासुदीला ‘जावो’ कशाला? आपण निघतानासुद्धा ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाही. पसायदानात ‘दुरितांचे तिमिर जावो’ आहे, म्हणजे जे नको ते जावो. दिवाळी जावो म्हणणं अशुभ वाटतं. ‘सुखाची येवो’ करा.

माजी मुद्रितशोधक
निरोपाचा संकेत तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो इथे लागू नाही. पसायदानातला अंधार निघून जायचा आहे, तिथे ‘जावो’ एकटं पुरतं. इथे ‘सुखाची’ काढून बघा: ‘दिवाळी आपणांस जावो’ याला अर्थच उरत नाही. ‘दिवस चांगला गेला’, ‘सुट्टी आजारपणात गेली’ यातलं हे जाणं आहे, काळ कसा सरला ते सांगणारं. म्हणून तर ‘सुखाची’ दिवाळीच्या लिंगाप्रमाणे चालतं: दिवाळी सुखाची जावो, वर्ष सुखाचे जावो, दिवस सुखाचे जावोत. नव्या वर्षाच्या पत्रावरून मजकूर उचलला की ‘दिवाळी सुखाचे जावो’ असं छापलं जातं. तुमचा कच्चा खर्डा आला की एवढं तपासा. आणि ‘कुटुंबीयांस’मधला बी दीर्घ आहे ना, तेही.

इंग्रजीत मात्र हे ‘जाणं’ ‘गो’ने होत नाही. तिथे सणाकडे काहीतरी आणायला सांगतात, ‘मे दिवाळी ब्रिंग यू’. क्रियापद उलट दिशेचं, पण शुभेच्छा तीच.

नर्मदाकाठ
तरी मला ‘येवो’च गोड वाटतं. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणताना कसं भरून येतं!

माजी मुद्रितशोधक
बळीचं राज्य अजून यायचं आहे म्हणून ‘येवो’. दिवाळी तर आलेलीच आहे.

सुमेधा, नगर
मला ‘नांदो’ने छळलं होतं. मुलाच्या लग्नानंतर डच सुनेला पहिल्या दिवाळीचं पत्र लिहिलं, त्यात ‘नांदा’ होतं. मुलाने ‘लिव्ह हॅपिली’ सांगितलं. ती म्हणाली, आम्ही तर आधीपासून तसेच राहतोय! काय समजावणार? मुलगी सासरी नांदायला जाते, सून नांदत नाही म्हणून तक्रारी होतात, हे सगळं त्या एका शब्दात आहे. बरं, दिवाळी इंग्रजीत ‘व्ही’ने लिहायची की ‘डब्ल्यू’ने? आमच्याकडे त्यावरून वाद आहे.

माजी मुद्रितशोधक
डब्ल्यू लिहा, बहुतेक जण तेच लिहितात. पण नांदण्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. ‘स्टे’ म्हणजे नुसता मुक्काम, पाहुणाही करतो. लक्ष्मीला चंचला म्हणतात, ती एका जागी टिकत नाही अशी ख्याती. म्हणून आश्विन अमावास्येला तिची पूजा केल्यावर मागणं असं की तिने या घरची होऊन राहावं. मी ‘मे लक्ष्मी मेक हर होम विथ यू’ करीन. ‘सदैव’ वेगळं घालायची गरज नाही, घर केलं की राहणं आलंच.

खाडीपलीकडचा
हे आवडलं. आणि समृद्धी नि भरभराट? दोन्हीला ‘प्रॉस्पेरिटी’च सुचतं.

पेढीवाला
एकच तर आहे. पैसा.

माजी मुद्रितशोधक
पैसा दोन्हींत आहे, पण शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ग्रंथालय समृद्ध असतं, भाषा समृद्ध असते, अनुभवाने माणूस समृद्ध होतो. भरभराट धंद्याची, शेतीची, घराण्याची होते. अनुभवाची भरभराट कोणी म्हणत नाही. समृद्धी ही असलेली स्थिती, भरभराट ही वाढती चाल. ‘प्रॉस्पेरिटी’ पैशाकडे अधिक झुकते, म्हणून समृद्धीला मी ‘प्लेंटी’ किंवा ‘अबंडन्स’ घेईन आणि भरभराटीसाठी ‘थ्राइव्ह’ हे क्रियापद.

पेढीवाला
‘अबंडन्स’ वाचून मला योगवर्गाची जाहिरात आठवते. सरकारनेसुद्धा समृद्धी महामार्गाला इंग्रजीत समृद्धीच ठेवलंय. ‘प्रॉस्पेरिटी’ लोकांना कळतं, ते ठेवा.

माजी मुद्रितशोधक
ठेवा. शुभेच्छापत्रावर ओळखीचा शब्द असलेला बरा, एवढं मानतो. मग ओळ अशी: ‘मे लक्ष्मी मेक हर होम विथ यू, अँड मे धिस दिवाळी ब्रिंग यू अँड युअर फॅमिली हॅपिनेस अँड प्रॉस्पेरिटी.’ भरभराट यात गळली. शेवटी ‘मे यू थ्राइव्ह’ जोडता येईल, पण मला ते चिकटवल्यासारखं वाटतं.

सुमेधा, नगर
मला तर भरभराटच हवी होती. समृद्धी पुस्तकी वाटते, आमच्या आत्याबाई आशीर्वाद देताना ‘भरभराट होवो’ म्हणायच्या.

खाडीपलीकडचा
समितीला दोन्ही ओळी दाखवतो. एक अडचण उरलीच: ‘आपल्या’चा गोंधळ मराठीतूनच काढायला मी ‘तुमच्या घरी’ सुचवलं, तर ज्येष्ठ सभासद म्हणाले, छापील पत्रात ‘तुमच्या’ उद्धट दिसतं.

नर्मदाकाठ
दिसतंच.

माजी मुद्रितशोधक
मला नाही दिसत. पण मराठी वाचणाऱ्याचा गोंधळ होतच नाही, त्यामुळे ‘आपल्या’ राहू द्या.