१८० वॅटच्या ऑफिस पेटीत ७५ वॅटचं कार्ड: घालावं की नाही?

कोयनाकाठ
कराडला आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे. जुना घेतलेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० एसएफएफ, आय५-७५००, १६ जीबी रॅम, सप्लाय १८० वॅटचा. ऑटोकॅड नीट चालतं, पण स्केचअपमध्ये सावल्या चालू केल्या की मॉडेल फिरवताना अडकतं. लो-प्रोफाइल जीटीएक्स १६५० घ्यायचं डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो १८० वर चालणार नाही, मित्र म्हणतो खुशाल घाल. कुणाचं ऐकू?

रॅमराव
मित्राचं ऐका. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड ७५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून पंचवीसेक. झाले १६५. दुकानदाराला नवीन मशीन विकायचं असणार. मी अशाच पेटीवर भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून पाहिलंय, गेम खेळताना १५० च्या वर आकडा गेला नाही.

जुनी_पेटी
रॅमराव, बेरीज बरोबर आहे, पण ६५ हा प्रोसेसरचा सततचा आकडा आहे. रेंडर सुरू झालं की तो काही क्षण ८० च्या आसपास जातो. नेमकं तेव्हाच कार्ड भरात असेल तर १८० ची वेस गाठली. तुमच्या गेमने दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताणले नसतील, म्हणून मीटर कमी दाखवत होता. मीटरच्या आकड्यात सप्लायचा स्वतःचा तोटाही धरलेला असतो, तेव्हा आतला खर्च त्याहून कमीच होता, इथपर्यंत तुमची बाजू खरी. पण ऑफिसचं मशीन दिवसभर काठावर चालवायला मी सांगणार नाही, तेही इतक्या जुन्या सप्लायवर.

कोयनाकाठ, वॅटच्या आधी दोन गोष्टी बघा. मशीन बंद करा, वायर काढा, झाकण उघडा. लांब स्लॉटमध्ये कार्ड बसलं असं धरून त्याच्या पंख्याच्या बाजूला किती जागा उरते ते पट्टीने मोजा. मग सप्लायमधून बाहेर येणाऱ्या वायरी शेवटपर्यंत बघा आणि कुठे काय जोडलंय ते इथे लिहा.

पनवेलचा_पंप्या
एवढा कीस कशाला? साटाच्या पॉवर वायरीवरून सहा पिनांचं कनेक्टर करून देणारी केबल बाजारात मिळते. ती लावायची आणि मोठंच कार्ड घालायचं. नाहीतर साधा ४५० वॅटचा एटीएक्स सप्लाय टाका.

जुनी_पेटी
ही केबल कृपा करून कुणीही लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांच्या कनेक्टरवर कार्ड ७५ मागू शकतं. जादा भार त्या छोट्या पिनांवर येतो, प्लास्टिक मऊ पडतं, वास येतो, मग काळं पडतं. ह्या डेलमध्ये तर साटाची पॉवर सप्लायमधून येतही नाही, मदरबोर्डवरच्या छोट्या सॉकेटमधून बारीक वायरीने येते. म्हणजे तो भार बोर्डाच्या अंगावर.

एटीएक्स सप्लाय पेटीत मावत नाही. बाहेर ठेवायचा म्हटलं तरी बोर्डाला नेहमीचं २४ पिनांचं सॉकेट नाही, सहा पिनांचं डेलचं स्वतःचं आहे. अडॅप्टर मिळतात, पण मग टेबलावर उघडी पेटी आणि लोंबणाऱ्या वायरी. ऑफिसात ते नको.

कोयनाकाठ
मोजलं. लांब स्लॉट सप्लायच्या डब्याला लागून आहे. कार्डाच्या पंख्याची बाजू त्याच अंगाला येते आणि मध्ये एका स्लॉटपुरतीच जागा आहे, जेमतेम बोट जातं. दुसरा आखूड स्लॉट लांबच्या बाजूला आहे, त्याचं टोक उघडं आहे. सप्लायमधून दोनच जोड निघतात: एक सहा पिनांचा बोर्डाला, एक चार पिनांचा प्रोसेसरजवळ. कार्डासाठी म्हणून वेगळी वायर नाहीच.

रॅमराव
मग लो-प्रोफाइल १६५० त्या उघड्या टोकाच्या स्लॉटमध्ये बसवा. कार्ड मागे लोंबतं, पण चालतं.

जुनी_पेटी
बसेल, पण तिथेच खरा घोळ आहे. तो चार लेनचा स्लॉट आहे आणि मानकाप्रमाणे तशा स्लॉटने कार्डाला २५ वॅट द्यायचे असतात. ७५ ची परवानगी सोळा लेनच्या स्लॉटला. १६५० ला वेगळा पॉवर कनेक्टर नसेल तर ते सगळं स्लॉटमधूनच ओढणार. म्हणजे जिथे वीज मिळते तिथे जागा नाही, आणि जिथे जागा आहे तिथे वीज नाही. बहुतेक लो-प्रोफाइल १६५० दोन स्लॉट जाडीचीच येतात. तुमच्या मशीनपुरता दुकानदार बरोबर निघाला, फक्त कारण वेगळं.

मेधा_व्ही
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या क्लिनिकच्या छोट्या एचपीमध्ये कार्ड घातलं, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. सप्लाय कमी पडतोय का?

जुनी_पेटी
मॉनिटरची वायर कुठे आहे? जुन्या, बोर्डाच्या पोर्टलाच असेल तर आधी ती कार्डाला लावून बघा. कार्ड दिसलं की बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये बोर्डाचं आउटपुट आपोआप बंद होतं. सप्लाय कमी पडत असता तर लक्षण वेगळं दिसलं असतं: काम सुरू असताना मशीन खटकन बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि विंडोजच्या Event Viewer मध्ये `Kernel-Power 41` ही नोंद सापडते. तापल्यामुळे असेल तर आधी गती मंदावते, पंखा ओरडतो.

मेधा_व्ही
वायर बोर्डालाच होती. आता दिसतंय.

कोयनाकाठ
मग एका स्लॉटच्या जाडीत काय घेऊ? आरएक्स ६४०० सुचवतायत, ५३ वॅट.

रॅमराव
तेच घ्या. एका स्लॉटचं मिळतं, वेगळा कनेक्टर नाही, जुन्या क्वाड्रोपेक्षा जोरात पळतं.

जुनी_पेटी
पळतं, मान्य. पण ते कार्ड चारच लेन वापरतं आणि चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेससाठी बनलंय. तुमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे रस्ता निम्मा. मॉडेल कार्डाच्या ४ जीबीत मावलं तर फारसं कळणार नाही, टेक्स्चर वाढले की झटके येतील. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. क्लायंटला वॉकथ्रूचा व्हिडिओ करून देत असाल तर ते जाणवेल. मी एनव्हीडिया टी६०० घेईन: ४० वॅट, एका स्लॉटचं, तेही ४ जीबी. वरची बेरीज १४५ च्या आसपास थांबते, तीही सगळं एकदम ताणलं तर.

रॅमराव
सावल्यांच्या कामात ६४०० च पुढे राहील असं मला अजूनही वाटतं. ५३ आणि ४० मध्ये तेरा वॅटचा फरक, त्याने काय बिघडतंय? आणि टी६०० जुनी घ्यायची तर ती कुठल्या रेंडर फार्ममधून आली कुणास ठाऊक.

जुनी_पेटी
तेरा वॅटने बिघडणार नाही, हे खरं. व्हिडिओ करत नसतील तर ६४०० ला माझा ठाम नकार नाही.

कोयनाकाठ, काहीही घेतलंत तरी पैसे द्यायच्या आधी मागच्या पत्र्याचा फोटो मागवा. लो-प्रोफाइल पत्रा आठेक सेंटीमीटरचा असतो, पूर्ण उंचीचा बाराचा. जुन्या कार्डांवर बरेचदा पूर्ण उंचीचाच लावलेला असतो आणि छोटा हरवलेला असतो. मग कार्ड स्लॉटमध्ये बसतं, पण झाकण लागत नाही. टी६०० चे चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, तुमचे मॉनिटर एचडीएमआयचे असतील तर अडॅप्टरचा खर्च धरा.

कोयनाकाठ
व्हिडिओ करतो, महिन्याकाठी एखादा. दोन्हींच्या पत्र्यांचे फोटो मागवलेत.