चकचकीत नेमप्लेटवरचे नंबर फोटोतून उतरवताना

> मोटरच्या स्टीलच्या नेमप्लेटचा फोटो चमकतोय. फ्रेम 132S की 1325, बेअरिंग 6208 की 6206, कळत नाही. सिरियल नंबरही धूसर आहे.

फ्रेम 132S असणार. या आकड्यांत १३२ म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये, आणि पुढचं S, M किंवा L बॉडीची लांबी सांगतं. टेपने उंची मोजून खात्री करा.

बेअरिंगही असंच पडताळता येतं. 6208 मधल्या शेवटच्या 08 ला ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास ४० मिमी येतो, 6206 चा ३०. या फ्रेमच्या शाफ्टचं बाहेरचं टोक साधारणपणे ३८ मिमी असतं, त्यामुळे त्या बाजूला ३० चं बेअरिंग बसणारच नाही. मागच्या बाजूचं मात्र वेगळं असू शकतं, ते वेगळं वाचा.

सिरियल नंबर असा मोजून तपासता येत नाही, म्हणून फोटो पुन्हा काढाच. प्लेट कोरड्या फडक्याने पुसा, फ्लॅश बंद ठेवा आणि टॉर्च प्लेटला जवळजवळ चिकटून आडवी धरा. ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि B व 8 वेगळे दिसतात. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने धरून आणखी एक फोटो घ्या, कारण एका फोटोत चमकेने झाकलेलं अक्षर दुसऱ्यात उघडं पडतं. तरीही एखादं अक्षर लागलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह लिहून फोटोसकट पाठवा. मी एकदा अंदाजाने 0 लिहिला होता, तो D निघाला आणि चुकीचा सुटा भाग आला.